परत आलेला दुखवटा

चांद्याच्या एका लाकूडकटाईच्या कंपनीत मी काही वर्षं कारकून होतो. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात मोडायचा. कंपनीचे हिशेब इंग्रजीत, मॅनेजरसाहेबांचं बोलणं हिंदीत, आणि खेड्यांत जाणारे कागद मराठीत, अशी कामाची वाटणी होती. तिसऱ्या कामासाठी मला घेतलं होतं. गाडीवाल्यांशी करार, डेपोवरच्या जमादारांना सूचना, मजुरांच्या तक्रारींना उत्तरं, असलं सगळं माझ्याकडे यायचं. दुखवट्याचं पत्र लिहायची वेळ मात्र आली नव्हती.

आमचे हेडक्लार्क सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन कंपनीत आले होते. त्यांनी सरकारातली सगळी शिस्त बरोबर आणली. आवक-जावकाच्या नोंदी, टिपण्या, जावक क्रमांक, प्रत्येक कागदाखाली कंपनीचा गोल जांभळा शिक्का. शिक्का नसलेला कागद कचेरीबाहेर गेला तर ते जेवत नसत, असं आम्ही आपसात म्हणायचो.

कंपनीचं जंगल वैनगंगेपलीकडे होतं, धानोऱ्याच्या अंगाला. पावसाळ्यात तोड बंद असायची, पण डेपोवर माणसं राहायची. त्यांची डाक, किराणा, कधी एखादा तापानं फणफणलेला चौकीदार, यांची ने-आण करायला घाटावर कंपनीचा एक डोंगा होता आणि तो चालवायला पगारी नावाडी होता. चामोर्शीच्या बाजूच्या नदीकाठच्या एका गावातला, मासे धरणाऱ्या घरातला माणूस. थोडी धानाची जमीन होती, ती म्हातारा बाप आणि बायको बघायची. एक लहान मुलगी होती.

मी त्याच्या डोंग्यातून काही वेळा गेलो होतो. तो फार बोलायचा नाही. बसताना एवढंच म्हणायचा, "बाबूजी, मधात बसा, अन् हात आत ठेवा." एकदा माझी चप्पल पाण्यात पडली, तेव्हा त्यानं वल्ह्याच्या टोकानं ती अलगद उचलून माझ्यापुढे ठेवली आणि काहीच झालं नाही असं पुढे पाहत राहिला. त्याच्याबद्दल माझ्या आठवणीत यापेक्षा जास्त काही नाही.

त्या वर्षी श्रावणात नदीला मोठा पूर आला. घाटावरच्या जमादाराचा पहिला कागद कचेरीत पोचला त्यात लिहिलं होतं की डोंगा वाहून गेला आहे आणि नावाडी कामावर हजर नाही. जमादार पुराच्या वेळी वरच्या डेपोवर अडकला होता. खाली येऊन त्यानं जे पाहिलं ते लिहिलं. डोंगा नाही, माणूस नाही. हा कागद मालसामानाच्या टेबलावर गेला, कारण डोंगा कंपनीची मालमत्ता. त्या टेबलाच्या कारकुनानं रिवाजाप्रमाणे एक मेमो काढला. 'आपल्या ताब्यातील डोंगा योग्य रीतीने बांधून न ठेवल्यामुळे वाहून गेल्याचे समजते. आपण विनापरवानगी गैरहजर आहात. याचा खुलासा तात्काळ करावा.' इतर कागदांच्या गठ्ठ्यात हेडक्लार्कांची सही झाली, शिक्का बसला, आणि मेमो नावाड्याच्या घरच्या पत्त्यावर टपालानं गेला.

त्यानंतर जमादाराचा दुसरा कागद आला. नावाड्याचं प्रेत खालच्या अंगाला रेतीवर लागलं होतं. पोलीस पाटलानं पंचनामा केला होता, घरच्यांनी काठावरच क्रियाकर्म उरकलं होतं. हा कागद नोकरवर्गाच्या टेबलावर आला, म्हणजे माझ्या शेजारी. दोन टेबलांमध्ये एक लाकडी कपाट होतं. एका टेबलावरचं दुसऱ्याला विचारल्याशिवाय कळत नसे.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. ते जबलपूरकडचे, मध्यम वयाचे, फारसं आवाज न चढवणारे. म्हणाले, "घरवालों को कंपनी की तरफ से चिट्ठी जानी चाहिए. मराठी में लिखो. अच्छी लिखो."

मी मसुदा घेऊन हेडक्लार्कांपुढे गेलो. पहिला प्रश्न, पत्र कोणाच्या नावानं? हेडक्लार्क म्हणाले, घरात वडीलधारा पुरुष आहे, त्याच्या नावानं जाऊ दे. मी म्हटलं, नोकरीच्या कागदात वारस म्हणून बायकोचं नाव आहे. ते कबूल झाले. मग तिच्या नावाआधी काय लिहायचं? रीत 'गं. भा.' लिहायची. ती दोन अक्षरं तिला पहिल्यांदा आमच्याच पत्रातून ऐकावी लागतील, असं माझ्या मनात आलं. मी 'श्रीमती' लिहिलं. हेडक्लार्कांनी चष्म्यावरून पाहिलं, पण राहू दिलं.

मी लिहिलं होतं, 'कंपनीचे काम करीत असताना पुरात मृत्यू आला.' त्यावर त्यांनी लाल शाईनं रेघ मारली.

"हे लिहू नको," ते म्हणाले. "दुखवटा हा पुरावा नसतो. काम करत असताना गेला का स्वतःच्या कामानं पाण्यात गेला, चौकशी कुठं झाली? उद्या हाच कागद कोणी कोर्टात दाखवंल. कारण लिहायचं नाही, वचन द्यायचं नाही, देण्याघेण्याचा शब्द काढायचा नाही. ते वेगळ्या पत्रानं जाते."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. अशा पत्रात पैशाचा उल्लेख करू नये, हे मलाही पटत होतं. म्हणून मी त्यांच्या जुन्या नमुन्याप्रमाणे लिहिलं. 'आपल्या पतींच्या दुःखद निधनाची वार्ता समजून कंपनीस अत्यंत खेद झाला. ते एक कर्तव्यदक्ष कर्मचारी होते. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो व आपणास हे दुःख सहन करण्याचे बळ देवो.' जावक क्रमांक पडला, शिक्का बसला. साहेबांनी सही केली. टपालानं पाठवण्यापेक्षा कोणीतरी हातानं द्यावं आणि वाचून दाखवावं, असं ते म्हणाले. मराठी वाचणारा म्हणून मीच निघालो. हेडक्लार्कांनी पोच घ्यायची वही बरोबर दिली, अंगठा घेऊन ये म्हणाले.

बसनं घाटापर्यंत, पलीकडे गावकऱ्यांच्या डोंग्यातून आणि पुढं जमादाराबरोबर, त्यानं ठरवलेल्या रेंगीतून म्हणजे छोट्या बैलगाडीतून, असा प्रवास झाला. पूर उतरला होता, शेतातल्या बांधीत धान पुन्हा उभं राहत होतं. नावाड्याचं घर मातीचं, कवेलूच्या छपराचं. अंगणात जाळी वाळत टाकली होती. म्हातारा बाप खाटेवर बसला होता. बायको आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पदर कपाळापर्यंत. वय पंचविशीच्या आसपास असेल.

मी कोण, कुठून आलो ते सांगितलं. कंपनीनं पत्र पाठवलं आहे म्हटलं. वाचायला लागलो. पहिलं वाक्य संपायच्या आत तिनं हात पुढे केला.

"दाखवा बरं, बाबूजी."

मी कागद तिच्या हाती दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांकडे पाहिलंच नाही. खाली शिक्का होता तिथं नजर ठेवली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरा कागद होता. तिनं दोन्ही माझ्यासमोर धरले.

"याच्यावर बी तोच शिक्का हाये," ती म्हणाली. "हा आधी आला. गुरुजीनं वाचून सांगतला. यानं डोंगा नाई बांधला, म्हणून वाहून गेला, जवाब द्या म्हणून. त्याच दिवशी आमी त्याले जाळून आलो होतो."

तो मेमो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

म्हातारा खाटेवरून म्हणाला, "गावात लोक बोलून राह्यले, बाबूजी. आळशीपणा केला म्हणते, दोरी ढिली सोडली म्हणते. कंपनीचाच कागद हाये, आमी काय सांगाव?"

"आता हा कागद काय म्हणते?" बाईनं विचारलं.

"कंपनीला दुःख झालं, ते चांगले कर्मचारी होते, असं म्हणते."

"मंग खरा कोणता?" तिचा आवाज वर गेला नाही. "दोनी एकाच साहेबाचे. एकात चांगला माणूस म्हणते, एकात जवाब मागते. आधी हा जवाब सरू द्या. तवर तुमचं दुःख आमाले नोको."

तिनं आमचं पत्र घडी करून माझ्या हातात परत दिलं. मेमो स्वतःजवळ ठेवला. वहीत अंगठा घ्यायचा प्रश्नच उरला नाही. जमादार मध्ये पडून समजावू लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हाताऱ्यानं आम्हांला पाणी दिलं. आम्ही निघालो.

चांद्याला आल्यावर मी पत्र हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"दुखवटा परत येत नसते," ते म्हणाले. "याची नोंद आवकात करायची का जावकात?"

ते खरोखरच अडले होते. गंमत म्हणून बोलले नव्हते.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मेमोची कचेरीतली प्रत मागवली. ती मालसामानाच्या टेबलावरून आली. वाचून त्यांनी एकच विचारलं, "उसने नाव बाँधी थी या नहीं?" हे कोणालाच माहीत नव्हतं. मेमोत 'समजते' म्हणून लिहिलं होतं, पण कोणाकडून समजलं ते जमादाराच्या कागदातही नव्हतं. डोंगा गेला, म्हणजे बांधला नसेल, एवढ्यावर ते वाक्य उभं होतं.

साहेबांनी मला परत घाटावर पाठवलं, या वेळी चौकशीला. सोबत जमादार. घाटावर अर्जुनाचं मोठं झाड होतं. डोंगा नेहमी त्याला बांधत. झाडाला दोराचा तुकडा अजून होता, दोन वेढे आणि गाठ जशीच्या तशी. पुढचं टोक कापल्यासारखं तुटलेलं नव्हतं, ताणून ताणून पिंजलेलं होतं. घाटाच्या थोडं खाली जाळं टाकणारा एक माणूस पुराच्या संध्याकाळी तिथं होता. त्याचं म्हणणं मी लिहून घेतलं. वरून एक आख्खं झाड मुळांसकट वाहत आलं. ते डोंग्यावर आदळलं आणि दोर तुटला. नावाडी त्या वेळी काठावर, उंचावर सुरक्षित उभा होता.

"मी बोंबललो, नोको जाऊ म्हणून," तो म्हणाला. "त्यानं आयकलं नाई. डोंग्यात डाकेची थैली होती. थैली घेतो अन् येतो, असा हात केला त्यानं. डोंग्याले हात लागला होता त्याचा. मंग झाड फिरलं."

थैलीत वरच्या डेपोची डाक होती. थैली सापडली नाही. त्या माणसाला हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. पोलीस पाटलाच्या पंचनाम्यात 'बुडून मृत्यू' एवढंच होतं, आणि पंचनाम्याला तेवढंच लागतं.

चौकशीचा कागद साहेबांनी वाचला आणि हेडक्लार्कांना बोलावलं. दोघांचं बोलणं झालं तेव्हा मी तिथं होतो. साहेबांचं म्हणणं, मेमो रद्द झाल्याचं दुखवट्याच्या पत्रातच लिहावं. हेडक्लार्क म्हणाले, रद्द केल्याचा हुकूम वेगळा निघायला हवा, क्रमांकासह, आणि त्याची नक्कल नावाड्याच्या नोकरीच्या कागदांना जोडायला हवी. नाहीतर उद्या कोणी फाईल उघडली तर मेमो दिसेल आणि तो रद्द झाल्याचं दिसणार नाही. साहेबांनी ते मान्य केलं. मग हेडक्लार्कांनी स्वतःहून एक गोष्ट सुचवली.

"साहेब, चिठ्ठी कंपनीच्या कागदावर नको. तुमच्या स्वतःच्या कागदावर, तुमच्या नावानं. क्रमांक नको, पोच नको." मग ते म्हणाले, "अन् शिक्का नको."

त्यांच्या तोंडून हे ऐकून मी मान वर केली. ते भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होते.

दुसरा मसुदा मी लिहिला आणि साहेबांनी तो हिंदीत समजून घेतला. प्रत्येक वाक्याला त्यांनी विचारलं, हे खरं आहे का, आणि हे आपल्याला ठाऊक आहे का. 'कर्तव्यदक्ष' निघालं. 'ईश्वर मृतात्म्यास' हेही निघालं. त्यांच्या घरचा देव त्यांना माहीत आहे, साहेब म्हणाले. 'कंपनीस खेद झाला' याच्या जागी 'मला' आलं. शेवटी पत्र असं झालं:

'आपले पती आमच्या घाटावर नाव चालवीत. पुराच्या दिवशी त्यांनी नाव नीट बांधली होती. वाहत आलेल्या झाडामुळे दोर तुटला. नावेत आमच्या डाकेची थैली होती, ती आणण्यासाठी ते पाण्यात गेले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. आमच्या कचेरीतून त्यांच्या नावे जो खुलासा मागितला गेला, तो चुकीचा होता. तो रद्द केला आहे. आपल्या दुःखात असा कागद आपल्या घरी आला याचे मला फार वाईट वाटते. त्यांच्याबरोबर नदी ओलांडलेली आमची सर्व माणसे त्यांची आठवण ठेवतील. पुढच्या कामांसाठी आपण कचेरीत येण्याची गरज नाही. जमादार आपल्याकडे येतील.'

हेडक्लार्कांनी 'ती आणण्यासाठी ते पाण्यात गेले' या शब्दांवर पेन्सिल ठेवली. आधी त्यांनी जे नाकारलं होतं तेच इथं उघड लिहिलं होतं. साहेब म्हणाले, "अब तो जाँच हो गई है, बाबू." पेन्सिल उचलली गेली. मी ते टाईप न करता हातानं लिहिलं, मोठ्या अक्षरात, म्हणजे गुरुजींना वाचायला सोपं. साहेबांनी पूर्ण नाव लिहून सही केली.

ते स्वतः यायला निघाले, हे मला निघायच्या सकाळी कळलं. रेंगीत ते गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. गावात पोचलो तेव्हा बातमी आधीच गेली होती. पाटील, गुरुजी आणि बरीच माणसं घरासमोरच्या आंब्याखाली जमली होती. बाई दारातच होती.

साहेबांनी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते उलगडलं, खालचा भाग पाहिला.

"शिक्का नाई याच्यावर," ती म्हणाली.

"साहेबांनी स्वतः लिहिलंय, कंपनीच्या वतीनं नाही," मी सांगितलं. "तो आधीचा कागद रद्द झाला, त्याचा वेगळा हुकूम आहे. त्यावर शिक्का आहे."

"मंग वाचा. पण इथी नोको. तिथी वाचा, सगळ्यायच्या समोर."

आम्ही आंब्याखाली गेलो. मी आधी मेमो रद्द केल्याचा हुकूम वाचला, मग पत्र. पुस्तकी मराठी कोणाला कळत नाहीसं वाटलं की त्यांच्या बोलीत परत सांगत गेलो. 'नाव नीट बांधली होती' इथं आलो तेव्हा म्हाताऱ्यानं हात वर केला.

"ते एकदा अजून वाचा."

मी वाचलं. तो पाटलाकडे वळून म्हणाला, "आयकलं न, भाऊ?" पाटलानं मान हलवली. पुढचं मी वाचून संपवलं. डाकेच्या थैलीचं घरच्यांना ठाऊक नव्हतं. बाईनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच जमिनीवर बसली. बायका तिच्याजवळ गेल्या. प्रेत आलं तेव्हापासून ती रडली नव्हती, असं जमादारानं मला नंतर सांगितलं. खरंखोटं मला माहीत नाही.

साहेब टोपी हातात घेऊन उभे होते. बऱ्याच वेळानं ती उठली आणि मला म्हणाली, "साहेबाले विचारा, थैलीत काय होतं?"

मी विचारलं. साहेब मला हिंदीत म्हणाले, सांग, डेपोवरच्या माणसांच्या घरच्या चिठ्ठ्या होत्या आणि कामाचे कागद. ते खरंच होतं. मी सांगितलं.

"लोकायच्या चिठ्ठ्या," ती म्हणाली, आणि पुढं काही विचारलं नाही.

निघताना एक अडचण निघाली. म्हातारा म्हणाला, मौतीचा कागद घरात ठेवत नसते, वाचला की फाडून टाकतेत. मला ती रीत माहीत होती. आमच्याकडेही मृत्यूची खबर देणारं कार्ड वाचून झालं की फाडत. बाई म्हणाली, हा फाडाचा नाई, पोरगी मोठी झाली म्हणजे वाचंल. थोडा वेळ दोघांचं जमेना. शेवटी गुरुजी म्हणाले, शाळेच्या पेटीत ठेवतो, म्हणजे घरात राहणार नाही आणि फाडलाही जाणार नाही. तसं ठरलं. मेमोचं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

देण्याघेण्याचं वेगळ्या पत्रानं झालं, जमादारामार्फत. बाई कचेरीत कधी आली नाही. घाटावर पुढच्या वर्षी नवा डोंगा आला आणि नावाड्याचा चुलत भाऊ लागला. दोर जाड आणला, एवढा फरक.

कचेरीत मात्र एक बदल झाला. हेडक्लार्कांनी कोणाला काही न सांगता एक छोटी चिठ्ठी छापून घेतली. कोणी माणूस गेल्याची खबर आली की ती आधी सगळ्या टेबलांवर फिरायची. त्या नावाचं काही चालू आहे का, मेमो, खुलासा, दंड, काहीही, ते प्रत्येकानं पाहून सही करायची. सगळ्या सह्या झाल्याशिवाय दुखवट्याचा मसुदा माझ्याकडे येत नसे. त्यासाठी पत्राला थोडा उशीर व्हायचा. मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

पुढे मुलूख मुंबई राज्यात गेला, मी दुसरीकडे लागलो, आणि अशी पत्रं लिहिणं हे जवळजवळ माझंच काम होऊन बसलं. खाणीतली माणसं, गाडीवाले, एक परिचारिका, एक स्वयंपाकी. नमुना मी कधी ठेवला नाही. गेलेल्या माणसाला ओळखणाऱ्या कोणाला तरी आधी भेटायचो, आणि तो शेवटचं काय करत होता ते विचारायचो. लोक सांगतात. बहुतेक वेळा त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.